दुपट्यात बाळाचे पाय मोकळे हवेत

गेल्या महिन्यात पिंप्राळ्यातल्या एका घरी बारा दिवसांचं बाळ पाहायला गेलो होतो. आंघोळ, मालीश, धुरी असं सगळं यथासांग झालं होतं. मालीशवाल्या मावशींनी बाळाचे दोन्ही पाय जुळवून सरळ ओढले, गुडघे दाबून धरले आणि मऊ सुती साडीच्या दुपट्यात छातीपासून टाचेपर्यंत घट्ट गुंडाळलं. मी थोडं सैल करा म्हणालो, तर आजी म्हणाल्या, "पाय बांधले नाहीत तर वाकडे होतात, डॉक्टरसाहेब."

आजींची काळजी खरी होती, पण कारण चुकीचं. पोटात नऊ महिने मांडी घातल्यासारखं बसलेलं बाळ जन्मल्यावरही पाय बेडकासारखे दुमडून ठेवतं. पोटऱ्या थोड्या वाकड्या दिसतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात. बांधून काहीच सरळ होत नाही. उलट, खुब्याला धोका होतो.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल गोटा आणि तो जिथे बसतो ती वाटी. नवजात बाळात ही वाटी उथळ आणि बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोटा नीट मध्ये बसलेला असेल, तर त्याच्याभोवती वाटी खोल होत जाते. मांड्या दुमडलेल्या आणि बाजूला पसरलेल्या असताना तो सर्वांत छान बसतो. पाय ओढून सरळ बांधले की ताणलेले स्नायू त्याला वाटीच्या काठाकडे खेचतात. सांधा आधीच सैल असेल, तर तो निखळू शकतो. पायाळू जन्मलेलं बाळ, मुलगी, पहिलं मूल किंवा घरात कुणाचा खुबा निखळलेला असणं, यांत ही शक्यता वाढते. यात दुखत नाही, म्हणून बाळ रडत नाही आणि कुणाला कळत नाही.

जपानमध्ये हाच प्रश्न मोठा होता. तिथे शंभरात एक ते तीन बाळांचे खुबे निखळत. 1975 च्या सुमारास बाळाचे पाय ताणून बांधू नका, अशी देशभर मोहीम झाली, आणि त्यात आयांबरोबर आज्यांनाही समजावण्यात आलं. प्रमाण पाचशेत एकाच्याही खाली आलं.

आपल्याकडे बाळाला कडेवर घेतात, पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना. खुब्यासाठी यापेक्षा चांगली बैठक नाही. पण मान धरल्यावरच, म्हणजे तीन-चार महिन्यांनीच कडेवर येतं. सांधा सर्वांत नाजूक असतो तो पहिले काही आठवडे, आणि नेमके तेव्हाच आपण पाय बांधतो. ही उलटी क्रमवारी मला खटकते.

दुपटं सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. बाळ शांत झोपतं, हे खरंच आहे. त्या दिवशी मावशींनाच करून दाखवलं. पातळ मलमलीचं चौकोनी दुपटं पत्त्यांतल्या चौकटसारखं अंथरायचं, वरचं टोक आत दुमडून त्या घडीवर खांदे येतील असं बाळाला उताणं ठेवायचं. एक बाजू छातीवरून नेऊन पाठीखाली खोचायची. मग खालचं टोक पिशवीसारखं सैल ठेवून वर आणायचं आणि शेवटी दुसरी बाजू त्यावरून खोचायची. छाती आणि कापड यांत दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. कमरेखाली तर बाळाने गुडघे पोटाकडे घेऊन बाजूला टाकले, तरी कापड अडता कामा नये. हीच परीक्षा. मावशींनी दुसऱ्या खेपेलाच मला मागे टाकलं!

बाळाला उताणंच झोपवावं, आणि कुशीवर वळू लागलं की गुंडाळणं बंद. जळगावच्या मे महिन्यात तर एक पातळ थरही पुष्कळ होतो. मान-पाठ घामेजली असेल, तर दुपटं काढायचं.

लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्या पसरतात का, ते पाहावं. उताण्या बाळाचे पाय दुमडून टाचा शेजारी-शेजारी ठेवल्या, तर एक गुडघा खाली दिसतो का, तेही पाहावं. फरक वाटला तर महिनाभर वाट पाहू नये. पायाळू बाळाची, लक्षण नसलं तरी, सहाव्या आठवड्याच्या आसपास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. एक्स-रे त्या वयात उपयोगाचा नाही, कारण कूर्चा त्यात दिसत नाही. सहा महिन्यांच्या आत सापडलं, तर पट्ट्यांचा मऊ साज घालून बरेचदा काम भागतं. चालताना लंगडलेलं दीड वर्षाचं मूल माझ्याकडे येतं, तेव्हा बहुधा शस्त्रक्रिया आणि त्यानंतर प्लास्टर, हाच मार्ग उरलेला असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष तपासणीच्या यादीत आहे. नवजात बाळाला पाहायला आशाताई घरी येतात, तेव्हा मांड्या पसरून दाखवा आणि शंका विचारा.

त्या घरातलं बाळ पायाळू होतं. परवा त्याची सोनोग्राफी झाली, खुबे दोन्ही जागेवर आहेत. आजी आता दुपटं घालण्याआधी शेजारणीला बोलावून गुडघे हलवून दाखवतात.