रिवाज कुठला, दीन कुठला?

परदेशात जन्मलेल्या मुस्लिम मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येतं: 'अम्मी, हा तुमचा रिवाज आहे, इस्लाम नाही.' ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या नातलगांच्या घरांत मी ते अनेकदा ऐकलंय. कोकणातून गेलेल्या पहिल्या पिढीसाठी मौलूद, उरूस, घरची बोली, लग्नातली गाणी आणि नमाज असं सगळं मिळून एकच गाठोडं होतं. त्यांच्या मुलांनी ते सोडून दोन ढीग केले, एक आईबापांच्या मुलखाचा आणि दुसरा दीनचा. पहिला बाजूला ठेवायचा आणि दुसरा घट्ट धरायचा.

हे फक्त कोकणी घरांपुरतं नाही. जेसिका जेकबसन यांनी लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या तरुणांचा अभ्यास केला, तो १९९८ साली पुस्तकरूपाने आला. त्यांनाही हीच विभागणी दिसली. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. आईबापांचं गाव या मुलांनी सुट्टीपुरतं पाहिलेलं असतं आणि तिथली भाषा त्यांना अर्धवट येते. कॉलेजात मात्र सोमाली, तुर्की, बंगाली, अरब मित्र भेटतात. त्या सगळ्यांत समान काय, तर इस्लाम. शिवाय गोरा वर्गमित्र प्रश्न विचारतो तो रत्नागिरीबद्दल नव्हे, मुसलमान असण्याबद्दल. म्हणून उत्तरही त्याच नावाने द्यावं लागतं.

हा युक्तिवाद मुलींना खरोखर उपयोगी पडतो. बाप म्हणतो, 'लग्न आपल्याच बिरादरीत व्हायला हवं.' मुलगी म्हणते, 'इस्लाममध्ये जातपात कुठे आहे? निकाहला माझी संमती लागते.' बापाला इंग्रजी कायदा दाखवला असता तर 'गोऱ्यांची झालीस' असं ऐकावं लागलं असतं. दीनचा दाखला दिला की बापाला तसं म्हणता येत नाही. डोक्यावर स्कार्फ घेणारी मुलगी दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात जायची परवानगी मिळवते, तेही याच वाटेने. तिच्या आईने कोकणात कधी तसा स्कार्फ बांधलेला नसतो, पण त्या स्कार्फमुळे घरच्यांच्या मनातली धास्ती कमी होते.

मला हे हत्यार आवडतं. पण त्याला मर्यादा आहेत, आणि त्या आपण आधीच ओळखायला हव्यात.

पहिली मर्यादा ही, की किताब बापालाही उघडता येते. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. हनफी फिक्हमध्ये सज्ञान मुलीचं लग्न तिच्या मर्जीविरुद्ध लावता येत नाही. जुन्या शाफई फिक्हने मात्र कुमारिकेच्या बापाला तिला न विचारता निकाह लावण्याचा अधिकार दिला होता, तिला विचारणं फक्त चांगलं मानलं होतं. मुलीला विचारायला सांगणारी हदीस त्या फकिहांनाही ठाऊक होतीच, त्यांनी तिचा अर्थ वेगळा लावला. म्हणजे 'शुद्ध इस्लाम' हा आयता निकाल नव्हे. कुठला अर्थ लावायचा हे कुणीतरी माणूसच ठरवतो. मुलीने ठरवलं नाही तर दुसरा कुणीतरी तिच्या वतीने ठरवेल.

दुसरी मर्यादा ल्यूटन शहरातल्या एका खटल्यात दिसते. तिथल्या डेनबी हायस्कूलमध्ये जवळपास ७९ टक्के विद्यार्थी मुस्लिम होते आणि मुख्याध्यापिका स्वतः बंगाली मुस्लिम घरातल्या. गणवेशात सलवार-कमीजचा पर्याय होता, वर स्कार्फही चालत असे. हा गणवेश पालक आणि स्थानिक मशिदींच्या इमामांशी बोलून ठरवलेला होता. शबीना बेगम या विद्यार्थिनीने दोन वर्षं तो घातला. सप्टेंबर २००२मध्ये, चौदावं पूर्ण होत असताना, ती जिलबाब घालून शाळेत आली. जिलबाब म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा सैल अंगरखा. सोबत तिचा भाऊ आणि आणखी एक तरुण होता, आणि बोलणं मुख्यतः त्या दोघांनीच केलं. मुद्दा तोच होता: सलवार-कमीज हा आपल्या मुलखाचा पोशाख, तो हिंदू आणि शीख मुलीही घालतात, वयात आलेल्या मुसलमान मुलीला तो पुरेसा नाही.

शाळेने नकार दिला. शबीना जवळपास दोन वर्षं शाळेबाहेर राहिली, मग जिलबाब चालणाऱ्या दुसऱ्या शाळेत गेली. मार्च २००५मध्ये अपील कोर्टात ती जिंकली. २२ मार्च २००६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचही न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला.

निकाल एक असला तरी कारणं दोन होती. तिघांनी म्हटलं की ही शाळा तिच्या घरच्यांनी निवडलेली होती आणि दुसऱ्या शाळा उपलब्ध होत्या, त्यामुळे तिच्या धर्मस्वातंत्र्यावर गदा आलेलीच नाही. बाकी दोघांनी, लॉर्ड निकोल्स आणि बॅरोनेस हेल यांनी, गदा आली असं मानलं, पण ती समर्थनीय ठरवली. मला ही दुसरी बाजू पटते. 'दुसऱ्या शाळेत जा' हे सांगायला सोपं असतं, पण अर्ध्यात शाळा सुटणं म्हणजे काय हे ती दोन वर्षं गमावणाऱ्या मुलीलाच कळतं. हेल यांचा भर मात्र वेगळ्या गोष्टीवर होता. प्रौढ बाईने स्वतः निवडलेला पोशाख इतरांना कितीही खटकला तरी तो तिचा हक्क आहे. पण शाळकरी वयात ती निवड किती तिची आणि किती घरच्यांची, हा प्रश्न उरतोच.

याच शाळेतल्या काही मुस्लिम मुलींनी शिक्षकांना सांगितलं होतं की जिलबाबला परवानगी देऊ नका. तो घालणाऱ्या मुली 'जास्त चांगल्या मुसलमान' ठरतील आणि आमच्यावर दबाव येईल, ही त्यांची भीती होती. रिवाजाच्या जाचातून सोडवणारं वाक्यच इथे मैत्रिणींना मापायची फूटपट्टी झालं. आई जे म्हणाली असती, 'लोक काय म्हणतील', तेच आता बरोबरीच्या मुली म्हणणार होत्या, फक्त दीनच्या नावाने.

म्हणून माझं मत असं: 'हा रिवाज, हा दीन' हा वाद घरात जरूर घाला, पण त्यातून काय निघतं ते तपासा. बोलणाऱ्या मुलीच्या हाती स्वतःच्या शिक्षणाचा, लग्नाचा, कपड्याचा जास्त निर्णय आला का? की निर्णय बापाकडून निघून भावाकडे, अभ्यासवर्तुळातल्या कुणा वक्त्याकडे, मैत्रिणींच्या घोळक्याकडे गेला? पहिलं असेल तर तिच्या बाजूने उभे राहा, मग ती स्कार्फ घेवो वा काढो. दुसरं असेल तर मालक बदलला, एवढंच झालं.

हे ब्रिटनचं प्रकरण आपल्याला लांबचं वाटू नये. तिथले चुलत-मावस भाऊ आता व्हॉट्सअॅपवरून गावाकडच्या दादीला मौलूद गैरइस्लामी असल्याचं कळवतात. दादी आयुष्यभर तोच दीन समजून पढत आली. जिलबाबलाही मुलूख आहे, तोही कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी शिंप्याने बेतलेला. ज्यांना दादीचा रिवाज चटकन दिसतो, त्यांनी आपल्या 'शुद्ध' दीनमध्ये कुणाचा रिवाज शिवलेला आहे, तेही उसवून पाहावं.