कोयनेचं पाणी माहुलीला येत नाही, मग फोटो हरिपूरचा कसा?

पोस्ट लांब आहे. पण सातारा-सांगलीत नातेवाईक असलेल्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

या पावसाळ्यात एका दैनिकाच्या प्रादेशिक पानावर तीन कॉलमी फोटो आला. देऊळ, घाटाच्या पायऱ्या, पायऱ्या गिळत वर चढलेलं पाणी. खाली ओळ होती : 'कोयनेतून विसर्ग वाढवल्याने हरिपूर (सांगली) येथील संगमावर पाणी चढले.' फोटो खरा होता आणि पाणीही खरं होतं. जागा मात्र खोटी. ते देऊळ संगम माहुलीचं विश्वेश्वराचं, म्हणजे साताऱ्याला लागून असलेलं. हरिपूरपासून नदीने कित्येक मैल वर.

संपादकांना पत्र लिहिलं. वर्तमानपत्राचं नाव इथे देत नाही, कारण मुद्दा एका पेपरचा नाही. पत्राबद्दल कळल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, 'एवढ्याशा ओळीसाठी पत्र? देऊळ इकडचं काय नि तिकडचं काय, पूर तर आहेच ना?' त्याचंच उत्तर इथे देतो.

आधी नदी समजून घेऊ. कृष्णा या दोन जिल्ह्यांतून जाताना तिला ठरावीक ठिकाणी नद्या मिळतात. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. मध्ये ब्रह्मनाळला येरळाही येते. लोक या सगळ्या जागांना नुसतं 'संगम' म्हणतात. कराडचा तेवढा प्रीतिसंगम म्हणून ओळखला जातो, कारण तिथे दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे.

आता मुख्य गोष्ट. माहुली कराडच्या वर आहे. म्हणजे कोयनेचं पाणी माहुलीला येऊच शकत नाही. माहुलीच्या पायऱ्या बुडतात त्या धोम आणि कण्हेर धरणांतून सोडलेल्या पाण्याने, आणि वाई, महाबळेश्वर, मेढा भागात पडलेल्या पावसाने. कोयना धरण सुमारे 105 टीएमसीचं. धोम आणि कण्हेर दोन्ही मिळून 24 टीएमसीच्या आत. हरिपूरला मात्र हे सगळं पाणी येतं, वर चांदोलीहून वारणेचं येतं ते वेगळंच. त्यामुळे माहुलीचा फोटो बघून कोयनेच्या विसर्गाचा अंदाज बांधणं म्हणजे शेजारच्या घरातला ताप मोजून आपल्या घरात औषध देणं.

सांगलीत पाणी फुटात मोजतात. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 45 फूट म्हणजे धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांनी ते बघितलं ते आता आकडा बघून फ्रीज वरच्या मजल्यावर चढवतात, जनावरं हलवतात, म्हाताऱ्या माणसांना मिरजेच्या पाहुण्यांकडे धाडतात. अशा माणसाच्या हातात सकाळी पेपर येतो आणि त्यात हरिपूरच्या नावाने देवळाला पाणी लागलेलं दिसतं. पुण्या-मुंबईची पोरं घरी फोन करतात, 'आई, तुम्ही अजून तिथेच आहात?' आई दारातून बघते तर पाणी अजून पात्रात. पुढच्या वेळी खरा फोटो आला की तीच आई म्हणते, 'पेपरवाले काय, काहीही छापतात.' माझ्या मते खरं नुकसान हे दुसरं. एक दिवसाची घबराट ओसरते, पण विश्वास गेला की खरा इशाराही वाया जातो.

उलटी बाजूही बघा. त्या दिवशी माहुलीत पाणी खरंच चढलं होतं. तिथल्या लोकांची बातमी मात्र कुठेच नव्हती. त्यांचा पूर दुसऱ्याच्या नावावर छापला गेला.

हे होतं कसं? यात कुणाचा कट वगैरे नसतो. गावचा वार्ताहर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. त्या वाटेने आलेल्या फोटोत मोबाईलने नोंदवलेली जागा उरत नाही. सोबत ओळ असते 'संगमावर पाणी'. रात्री पान लावणाऱ्याच्या समोर सातारा आणि सांगली दोन्हीकडचा मजकूर असतो. कोयनेची बातमी मोठी, त्यावर फोटो हवा. कोणता संगम, हे विचारायला एक फोन पुरतो. तो होत नाही.

म्हणून पत्र लिहिताना नुसतं 'तुमचं चुकलं' म्हणून भागत नाही. आधी तारीख, आवृत्ती, पान आणि छापलेली ओळ जशीच्या तशी लिहिली. मग खरी जागा, आणि ती कुणालाही पडताळता येईल अशा खुणा. देवळाचं दगडी बांधकाम आणि वरचं शिखर माहुलीच्या कुठल्याही जुन्या फोटोशी ताडून बघता येतं. मागे डोंगराची कड दिसते, हरिपूरच्या सपाटीत असा डोंगर जवळ नाही. आणि तिसरी खूण नदीचीच, जी वर सांगितली. शेवटी मागणी अशी : दुरुस्ती त्याच पानावर छापा, तीत चुकीचं आणि बरोबर अशी दोन्ही नावं द्या, आणि वेबसाइटवरची ओळही बदला.

चौथ्या दिवशी दुरुस्ती आली. आतल्या पानावर, जाहिरातीच्या बुडाशी : 'छायाचित्राच्या ओळीत अनवधानाने चूक झाली. दिलगीर आहोत.' कोणतं छायाचित्र? कोणती चूक? ज्याने मूळ फोटो पाहिला त्याला यातून काही कळत नाही, आणि ज्याने पाहिला नाही त्याला तर नाहीच. वेबसाइटवर हरिपूर अजून तसंच आहे. पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी तिथूनच तो फोटो उचलेल आणि चूक पुन्हा गावभर फिरेल.

कुणाला वाटेल, वाचकाच्या हातात काय आहे? आहे. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत चूक लक्षात आल्यावर ती लवकर आणि ठळकपणे दुरुस्त करावी असं सांगितलंय. आधी संपादकांना लिहायचं. समाधान झालं नाही तर कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते किंवा नापसंती नोंदवू शकते. एका फोटोओळीसाठी तिथवर जावं असं मी म्हणत नाही. पण पत्राची प्रत आणि त्या पानाचं कात्रण ठेवा. पुढे जायचं झालं तर सुरुवात तिथूनच होते.

माझी मागणी छोटी आहे. पुराच्या दिवसांत नदीचा फोटो छापताना ओळीत तीन गोष्टी द्या : गाव, नदी आणि फोटो काढल्याची वेळ. जुना फोटो असेल तर 'संग्रहित' म्हणा. 'संगम' एवढंच लिहू नका, कोणत्या नद्यांचा ते लिहा. सातारा-सांगलीच्या वाचकाला त्या एका शब्दावरून कळतं की पाणी आपल्याकडे यायचंय, येऊन गेलंय, की येणारच नाहीये.

तुमच्या गावच्या नावाने दुसऱ्याच गावचा फोटो आला असेल, तर कमेंटमध्ये टाका. आणि हो, इथे टाकण्याआधी संपादकांना पत्र पाठवा.