बदलीचा अर्ज आणि लेखी कारण

बदलीसाठी पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर विसंबण्याची रीत अजून मोडलेली नाही. वस्तुतः महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली अधिनियमानुसार शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. एरवी बदली करावयाची, तर विशेष कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ते कारण अर्जानेच पुरवले पाहिजे.

समजा, मलकापूरच्या तहसील कार्यालयातील एका लिपिकाच्या आईला आठवड्यातून तीनदा बुलढाण्यास डायलिसिससाठी न्यावे लागते. प्रमाणपत्रात केवळ आजाराचे नाव असेल, तर राजूर घाटातली ही ये-जा अधिकाऱ्यास दिसत नाही. उपचार किती वेळा, कोठे आणि किती काळ, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आई आपल्याच कुटुंबात राहते, यासाठी शिधापत्रिका जोडावी. ‘केव्हाही चालेल’ असे लिहिल्यास निकड संपते आणि प्रकरण पुढच्या मे महिन्यावर जाते. ‘कार्यभार सोपवण्यासाठी महिनाभर थांबेन’ असे लिहिल्यास कार्यालयाची अडचणही सुटते आणि मुदतही ठरते.

नकाराचे कारणही लेखी मिळावे, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. ज्याच्या खिशात चिठ्ठी नाही, त्याला अन्य आधार कोणता?