समजून घ्या : भाड्याचा गाळा पुन्हा भाड्याने, मधल्या कंपनीचा हिशेब कसा?

जालना : एमआयडीसीतील एका कंपनीने गाळा पाच वर्षांसाठी, वर्षाला १२ लाख रुपये भाड्याने घेतला, असे समजू. दोन वर्षांनी तिने अर्धा गाळा उरलेल्या तीन वर्षांसाठी दुसऱ्या उद्योगाला वर्षाला ७ लाखांना दिला. यासाठी एमआयडीसीची परवानगी लागते. ती मिळाल्यावर प्रश्न उरतो ताळेबंदाचा.

मोठ्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून ‘इंड एएस ११६’ हे लेखामानक आहे. इमारत ४० वर्षे टिकेल, हे त्यात बघायचे नाही. मधल्या कंपनीकडे इमारत नसून वापराचा हक्क आहे. अर्ध्या जागेच्या हक्काची उरलेली तीनही वर्षे पुढे दिली, म्हणून हा फायनान्स लीज.

व्याजदर १० टक्के, भाडे वर्षअखेरीस आणि घसारा दरवर्षी समान धरला, तर त्या अर्ध्या हक्काची पुस्तकी किंमत १३.६ लाख उरते. ती काढून टाकायची आणि येणाऱ्या भाड्याचे आजचे मूल्य, १७.४ लाख, येणे दाखवायचे. फरकाचे ३.८ लाख नफ्यात जातात.

मालकाचे २९.८ लाखांचे देणे मात्र तसेच राहते. त्यातून येणे वजा करून दाखवणे चूक, कारण पोटभाडेकरूने भाडे थकवले तरी मालकाचे पैसे चुकत नाहीत.

गाळा एकाच वर्षासाठी दिला असता, तर तो ऑपरेटिंग लीज ठरला असता. मग हक्क पुस्तकात राहतो, घसारा चालू राहतो आणि भाडे उत्पन्नात धरले जाते.