देण्यांचे पंचांग

गेल्या महिन्यात ह्या सदरात रोजकीर्दीचा विचार केला. रोजकीर्द झालेले व्यवहार सांगते. पुढे कोणत्या दिवशी तिजोरी रिकामी पडेल, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी देण्यांचे पंचांग मांडावे लागते.

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गावर, बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे. तेथे मोठ्या कारखान्यांना लोखंडी सुटे भाग पुरविणारी एक लहान कार्यशाळा आपण कल्पू. जुलैच्या १ तारखेस तिच्याजवळ २,६०,००० रुपये आहेत. एका गिऱ्हाइकाकडून १२ तारखेस २,५०,००० आणि दुसऱ्याकडून २५ तारखेस ३,५०,००० येतील. देणी अशी: ५ तारखेस जागेचे भाडे ४०,०००, ७ तारखेस पगार १,८०,०००, १० तारखेस लोखंडवाल्याचे १,६०,००० व रंगवाल्याचे ७०,०००, १५ तारखेस भविष्यनिर्वाह निधी व कामगार विमा मिळून ३०,०००, १८ तारखेस विजेचे देयक ३५,०००, २० तारखेस वस्तू व सेवा कर ४५,०००. एकूण आवक सहा लक्ष, जावक पाच लक्ष साठ हजार. म्हणजे धंदा तोट्यात नाही.

आता कागदावर तारीख, आवक, जावक व शिल्लक असे चार रकाने आखावेत आणि प्रत्येक तारखेपुढे शिल्लक काढीत जावे. ५ तारखेस २,२०,००० उरतात, ७ तारखेस ४०,०००, आणि १० तारखेस १,९०,००० रुपये उणे पडतात! १२ तारखेच्या आवकेने ६०,००० शिल्लक होते खरी. परंतु २० तारखेस पुन्हा ५०,००० उणे. महिन्याच्या एकंदर बेरजेत ही ओढाताण कोठेच दिसत नाही. म्हणून पंचांगात बेरजेपेक्षा सर्वांत कमी शिल्लकेचा दिवस पाहावयाचा असतो.

कोणते देणे हलविता येते, हा पुढचा प्रश्न. पगार ७ तारखेच्या आत देणे कायद्याने बंधनकारक आहे. निधी, विमा व कर ह्यांच्या तारखाही ठरलेल्या. भाडे करारात बांधलेले. राहता राहिले माल पुरविणारे, आणि तेथेही मनमानी चालत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचा माल घेतला, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २० जूनला स्वीकारलेल्या मालाची मुदत लेखी करार नसेल तर ५ जुलैलाच संपते. करार असेल तर ती ४ ऑगस्टपर्यंत नेता येते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. तोंडी सलोखा येथे उपयोगी नाही. माल मागवितानाच तारीख लिहून घ्यावी.

असा करार करून लोखंडवाल्यास अर्धी रक्कम १३ तारखेस व अर्धी २७ तारखेस, आणि रंगवाल्यास सर्व रक्कम २७ तारखेस देण्याचे ठरविले, तर काय होते पाहा. सर्वांत कमी शिल्लक ७ तारखेस ४०,००० राहते. २० तारखेस १,००,००० उरतात. कोठेही उणे नाही. महिनाअखेरची शिल्लक मात्र दोन्ही मांडण्यांत ३,००,००० च येते. ह्यावरून पंचांगाची मर्यादाही ध्यानात येईल: ते नवा पैसा निर्माण करीत नाही. महिनाअखेरची शिल्लक दरमहा आरंभीच्या शिल्लकेहून घटत असेल, तर दोष तारखांत नसून किमतीत किंवा खर्चात आहे.

आवकेची तारीख लिहिताना गिऱ्हाइकाचा शब्द प्रमाण मानू नये. त्याची मागील सहा देयके काढावीत आणि त्यांत सर्वांत अधिक उशीर जितक्या दिवसांचा झाला असेल, तितका उशीर धरून पंचांग पुन्हा मांडावे. आपल्या उदाहरणात १२ तारखेचे पैसे २२ तारखेस आले असे धरा. लोखंडवाल्यास आधीच सांगून त्याचा पहिला हप्ताही २७ तारखेस नेला, तरी २० तारखेस ७०,००० रुपये उणे पडतातच. ही रक्कम म्हणजेच ह्या कार्यशाळेला लागणारी गंगाजळी होय. महिन्याला ४०,००० उरतात, म्हणजे दोन महिन्यांत ती उभी राहते. तेवढे दोन महिने घरखर्चासाठी त्या बाकीला हात लावू नये. आणि एकत्र कुटुंबात हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

पुढील महिन्याचे पंचांग चालू महिन्याच्या २५ तारखेस मांडावे. एखादा दिवस उणे दिसलाच, तर पुरवठादाराशी बोलावयास अवधी मिळतो. देण्याच्या दिवशी केलेली विनंती अडचण ठरते. पंधरा दिवस आधी केलेली व्यवहार ठरतो.