मुसलमान म्हणजे उर्दू?

गेल्या जूनमध्ये आमच्या मराठी शाळेत तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली. वडील गवंडी, मुर्शिदाबादहून आलेले. नाव मुस्लिम, म्हणून बाईंनी तिला घरी उर्दू बोलणाऱ्या मुलीशेजारी बसवलं. आठवडा गेला, दोघी गप्पच. कारण साधं होतं. तिकडच्या मुसलमानांची घरची भाषा बहुतेक बंगालीच असते. धर्म बघून भाषा ठरवण्याची ही चूक आपल्यातले लोकही सर्रास करतात.

नवं मूल आलं की पहिला प्रश्न एवढाच विचारावा : आई घरी तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलते?

हे कळल्यावर बाईंनी सहा चित्रकार्डं केली : पाणी, शौचालय, भूक, दुखतंय, समजलं नाही, पुन्हा सांगा. चित्राखाली मराठी शब्द आणि तिच्या वडिलांना विचारून बंगाली शब्द, दोन्ही देवनागरीत, म्हणजे बाईंनाही म्हणता यावा. ‘समजलं नाही’च्या कार्डावर ‘बुझिनी’. मग लक्षात आलं की पाणी, भात, हात, नाक, कान हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. सुरुवात तिथूनच केली. फसगतही झाली. बाई ‘चूल’ म्हणाल्या तर तिने केसांना हात लावला. बंगालीत ‘चुल’ म्हणजे केस. चित्र दाखवलं तेव्हा दोघीही हसल्या.

जोडीदार निवडताना हुशारीपेक्षा धीर पाहावा. बाईंनी दोन मुली नेमल्या, एक गैरहजर राहिली तर दुसरी असावी म्हणून. काम तिघींना मिळून समजावलं : वस्तू दाखवायची, शब्द म्हणायचा आणि थांबायचं. तिच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. तरी पंधरा दिवसांत एक जोडीदारीण तिची वकील झालीच. खूण सोपी आहे. प्रश्न विचारल्यावर मूल बाईंकडे न बघता आधी मैत्रिणीकडे बघू लागलं, की समजावं जोडी बदलायची वेळ आली. बाईंनी ती बदलली. मुलगी सुरुवातीचे काही आठवडे बोलली नाही, पण कार्ड बरोबर उचलत होती. अशा मुलाला ‘मंद’ म्हणणं अन्याय आहे. ते ऐकत असतं, साठवत असतं.

चित्रांनाही मर्यादा आहे. ‘पाणी’ दाखवता येतं, ‘काल’ आणि ‘म्हणून’ कसे दाखवणार? दिवाळीपर्यंत ती मैदानात मराठीत भांडू लागली, पण गणितातल्या शाब्दिक उदाहरणाशी अडत होती. तिथे बाई उदाहरण तिच्याकडून आधी चित्रात काढून घेत, मग वाक्य वाचून घेत. खेळातली भाषा लवकर येते, पुस्तकातली यायला काही वर्षं लागतात. भांडता येतं म्हणून आधार काढून घेतला, तर मूल तिसरीत नाही, सहावीत मागे पडतं. तेव्हा आपण दोष तिला देतो. तो खरा कोणाचा, हे आधी स्वतःला विचारावं.