फेडलेल्या मुद्दलावरचे व्याज

परत केलेल्या पैशावर व्याज घेणे हा व्यवहार नव्हे, लूट आहे. असे म्हटले तर सावकारही मान डोलावेल. मात्र वाहनकर्जाच्या बाजारात हीच लूट ‘फ्लॅट रेट’ या निरुपद्रवी नावाने उजळ माथ्याने चालते.

समजा, एका रिक्षाचालकाने जुनी रिक्षा घेण्यासाठी 60,000 रुपये दोन वर्षांच्या मुदतीने घेतले. दर सांगितला 10 टक्के फ्लॅट. वर्षाचे 6,000, दोन वर्षांचे 12,000 रुपये व्याज. एकूण 72,000 रुपयांचे 24 हप्ते, प्रत्येकी 3,000. हिशेब इतका सरळ की शंका घ्यावी असे त्यात काहीच दिसत नाही.

परंतु त्या हप्त्याच्या पोटात पाहावे. या हिशेबाने दरमहा 2,500 मुद्दल आणि 500 व्याज. पहिल्या महिन्यात 60,000 रुपये खरोखरच त्याच्या हाती होते. शेवटच्या महिन्यात मात्र त्याच्याकडे उरलेले मुद्दल केवळ 2,500. व्याज तेच 500! म्हणजे एका महिन्याला 20 टक्के. साठ हजार दोन वर्षे वापरल्याचे भाडे त्याने भरले. प्रत्यक्षात सरासरी वापर त्याच्या निम्म्याच्या आसपास झाला.

शिल्लक मुद्दलावर दरमहा व्याज आकारून याच 3,000 रुपयांच्या हप्त्याचा दर काढला, तर तो वर्षाला 18 टक्क्यांच्या थोडा वर भरतो. उलट, घटत्या शिलकीवर 14 टक्के मागणाऱ्या बँकेचा हप्ता सुमारे 2,881 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 9,140 रुपये होते. चौदा टक्के महाग वाटून दहा टक्क्यांकडे वळलेला माणूस जवळजवळ 2,860 रुपये जादा भरतो. सर्व मुद्दल मुदतीअखेर एकदमच फेडायचे असते, तर दोन्ही पद्धतींत असा भेद उरला नसता. हप्ता आला की फसवणूक सुरू होते.

गणित न येणे हा कर्जदाराचा दोष असल्याचे सांगितले जाते. ही शुद्ध मखलाशी आहे. एकाच शब्दाने दोन भिन्न किमती सांगणाऱ्याने दोष पत्करला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी, शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक देणे वित्तसंस्थांना बंधनकारक केले. पाऊल योग्य, पण अपुरे. कारण कर्जदाराचे मन बनते ते दुकानाच्या गल्ल्यापाशी, तोंडी सांगितलेल्या आकड्यावर. पत्रक येते सहीच्या वेळी.

म्हणून मागणी एकच असली पाहिजे: जाहिरातीत वा तोंडी, फ्लॅट दर सांगण्यासच बंदी. तोवर कर्जदाराने दर ऐकूच नये. हप्त्याला हप्त्यांच्या संख्येने गुणावे, त्यात शुल्क व विमा मिळवावा आणि समान रकमेच्या, समान मुदतीच्या दोन कर्जांच्या या बेरजा शेजारी ठेवाव्यात. तेथे दहा टक्क्यांचा बुरखा टिकत नाही.